कोणत्या मार्गशीर्षातली पंचमी

पांढुर्ण्यात वंदना घागरे हिला ओळखत नाही असा दुकानदार सापडायचा नाही, आणि तिच्याशी एकदाही न भांडलेला तर नाहीच नाही. स्टेशन रोडवर मोटर वाइंडिंगच्या दुकानाच्या वर एक जाहिरात एजन्सी आहे. दुकानांच्या पाट्या, होर्डिंग, पत्रकं, मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिराती, सगळं तिथं होतं. मालक कुलदीप, पण एजन्सी चालवते ती वंदनाच. कुलदीपच्या वडिलांनी तिला फोन उचलायला म्हणून ठेवलं होतं. फोन उचलता उचलता ती गिऱ्हाइकाला कधी दटावायला लागली आणि कधी मॅनेजर झाली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आता वय सेहेचाळीस, आवाज खणखणीत, आणि सबब ऐकून घ्यायची सवय नाही.

तिची एक रीत होती. गिऱ्हाइकानं फोनवर काम सांगितलं की ते सगळं ती त्यालाच परत ऐकवायची. "थांबा. मी सांगतो, तुमी आयका. पाटी येवढी, रंग हा, नाव हे, तारीख ही. बरोबर? आता हो म्हना." माणूस हो म्हणेपर्यंत फोन ठेवायची नाही. काही लोक कंटाळायचे, पण तिच्या हातून तारीख चुकली असं दोन्ही गावांत कुणी म्हणू शकत नव्हतं. दोन्ही गावं म्हणजे पांढुर्णा आणि सौसर, महाराष्ट्राच्या सीमेलगतची पण मध्य प्रदेशातली. याचा तिला अभिमान होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

ही रीत ज्या एका फोनला मोडली तो सौसरच्या यशवंतरावांचा होता.

यशवंतरावांचं कापडाचं जुनं दुकान सौसरच्या बाजारात. आता बसस्टँडच्या बाजूला दोन मजली शोरूम उभं केलं होतं आणि त्याला आईचं नाव द्यायचं ठरवलं होतं: देवका वस्त्रालय. आई, देवकाबाई, ऐंशीच्या पुढे गेलेल्या, पण अजून रोज जुन्या दुकानाच्या गल्ल्याजवळ बसतात. यशवंतरावांच्या मनात एकच होतं. मुहूर्ताला आईनं स्वतःच्या उजळलेल्या नावाखालून आत पाऊल टाकायचं. बाकी सगळं त्यानंतर.

त्यांना पाटीवर आईचा फोटोही हवा होता, हात जोडलेला, हार घातलेला. वंदना फोनवर म्हणाली, "भाऊ, जित्या मानसाच्या फोटोले हार घालून पाटीवर टांगता का? लोक श्रद्धांजली समजतीन." यशवंतराव तडकले. पैसे कोण देऊन राहिलं, दुकान कोणाचं, आई कोणाची, असं बरंच काही बोलून झाल्यावर म्हणाले, "मार्गशीर्ष कृष्ण पंचमीचा मुहूर्त आहे. पाटी लागली पाहिजे. फोटो नको तर नको!" आणि दोघांनीही एकदमच फोन आपटला.

परत ऐकवणं राहिलं. रागाच्या भरात वंदना उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. तिथं दोन कॅलेंडरं आहेत. पांढुर्ण्यात बहुतेक घरांत असतात: एक नागपूरहून येणारं मराठी, एक बँकेनं दिलेलं हिंदी. मराठी महिना अमावास्येला संपतो, हिंदी पौर्णिमेला, त्यामुळं वद्य पक्षात हिंदी महिना मराठीच्या एक घर पुढे असतो. इथल्या पोरालाही हे ठाऊक असतं. वंदनाच्या हाताला आईच्या घरापासून मराठीची सवय. मार्गशीर्ष वद्य पंचमी, नऊ डिसेंबर. तिनं कोटेशनवर काम पूर्ण करण्याची तारीख घातली, यशवंतरावांच्या मुलानं, अमितनं, पान न उलटता सही केली, आणि काम रांगेत लागलं.

मधे कुणीच कुणाला फोन केला नाही. यशवंतरावांना वाटलं, बाई रुसली आहे पण काम करेल. वंदनाला वाटलं, हा माणूस फुगला आहे, फुगू दे. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं. आणि एका सकाळी अमितनं ओळखीच्या सगळ्यांना पाठवलेली निमंत्रणपत्रिका वंदनाच्याही मोबाइलवर आली. छिंदवाड्याच्या पंडितजींनी काढलेला मुहूर्त, मार्गशीर्ष कृष्ण पंचमी, आणि खाली इंग्रजी तारीख: दहा नोव्हेंबर.

म्हणजे येता आठवडा.

वंदना हिंदी कॅलेंडरपाशी गेली. तिथं ती पंचमी होती, स्पष्ट, लाल अक्षरात. मग तिनं नागपूरला अक्षरं बनवणाऱ्या कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, दिवाळीची सुट्टी संपवून पोरं आत्ता परतली. ॲक्रिलिक कापायचं, आतून एलईडी बसवायचे, ते एक पूर्ण दिवस चालू ठेवून पाहायचे, पाणी शिरू नये म्हणून कडा बंद करायच्या. कितीही जोर लावला तरी पंधरवड्याच्या आत अक्षरं निघणार नाहीत. फिटर कवडू मात्र म्हणाला, लोखंडी सांगाडा आणि त्यावरची शीट मी वेळेत चढवून देतो, जागेचं माप आजच घेऊ द्या.

तेवढं पक्कं केल्यावरच ती कुलदीपच्या केबिनमधे गेली.

कुलदीपनं सगळं ऐकलं आणि त्याचा चेहरा खुलला. "मॅडम, मग घाबरून कायले राहिल्या? कोटेशनवर नऊ डिसेंबर आहे. अमितची सही आहे. फोटो काढा, पाठवा, खाली लिहा: आमी वेळेतच आहो. बस."

"आनि त्याची आई त्या दिवशी कोऱ्या भिंतीखालून आत जाईन?"

"तो त्याचा प्रॉब्लेम आहे."

"कुलदीप, मी त्याले तारीख परत आयकवली नाही. कोनालेही आयकवतो, त्याले नाही आयकवली. रागात होतो."

"हे तुमी मले सांगितलं, ठीक आहे. त्याले लेखी नका देऊ. एकदा लेखी दिलं की तो मानूस आपल्याले सौसरात तोंड दाखवू देनार नाही." कुलदीप खुर्चीतच पुढे सरकला. "आनि लिहाचंच असन तर नागपूरवाल्यावर टाका. मशीन बंद पडली म्हना. कोन पाहाले जाते?"

वंदनाला त्याच्या वडिलांची आठवण झाली आणि आणखीच राग आला. तो माणूसही कंजूष होता, चिडका होता, पण गिऱ्हाइकाला खोटं सांगा असं त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. "सही दाखवून भांडन जिंकता येते," ती म्हणाली, "पाटी लागत नाही."

"काम हातचं गेलं ना मॅडम, तर मंग तुमची खुर्ची बी पाहा लागन मले. आत्ताच सांगून ठेवतो."

"पाहा," वंदना म्हणाली आणि बाहेर आली.

मेसेज लिहायला तिला बराच वेळ लागला. पहिल्यांदा लिहिलं ते सगळं भांडणच निघालं, तुम्ही तारीख का सांगितली नाही, तिथी का सांगितली. ते पुसलं. दुसऱ्यांदा नुसती क्षमस्व, दिलगीर, मनापासून खेद अशी रांग लागली. तेही पुसलं, कारण एवढी माफी वाचून झाल्यावरही यशवंतरावांना पाटीचं काय होणार हे कळलं नसतं. शेवटी जे गेलं ते असं:

"यशवंतभाऊ, दहा नोव्हेंबरच्या मुहूर्ताला एलईडीची अक्षरं लागणार नाहीत. ती वीस नोव्हेंबरला, तुमच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी लागतील.

कारण: तुम्ही सांगितलेली मार्गशीर्ष पंचमी मी मराठी पंचांगानं धरली. तुमचा मुहूर्त हिंदी पंचांगाचा आहे. तारीख तुम्हाला परत विचारायची होती, मी विचारली नाही. चूक माझी आहे.

मुहूर्ताला काय असेल: सांगाडा आणि शीट आठ तारखेपर्यंत पूर्ण. त्यावर 'देवका वस्त्रालय' ही अक्षरं जाड फोमची, सोनेरी, त्याच मापाची, त्याच जागी. वर चार फोकस. संध्याकाळी नाव रस्त्यापलीकडून वाचता येईल. वीस तारखेला फोमची अक्षरं उतरवून एलईडीची लावू. भिंतीला नवीन भोकं पडणार नाहीत.

तुमच्याकडून एकच हवं: सोबतचं डिझाइन उद्या दुपारपर्यंत पक्कं करा. उशीर झाला तर फोमची अक्षरंही चुकतील.

रोज संध्याकाळी कामाचा फोटो पाठवीन. एलईडी लागल्यावर नऊ डिसेंबरला मी स्वतः येऊन तपासून जाईन. वंदना."

पाठवलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

फोन आला तो अर्ध्या तासानं. यशवंतराव ओरडतच होते. "मराठी पंचांग? बाई, आपन मध्यप्रदेशात राहतो! इथं कोनतं पंचांग चालते तुमाले ठाऊक नाही? फोम! माह्या मायचं नाव फोमचं? ते केकखाली लावतात ते?"

"केकखाली थर्माकोल राहते भाऊ. हे जाड फोम आहे."

"मले शिकवू नका! मी तुमचा मेसेज व्यापारी ग्रुपवर टाकला आहे. पाहू द्या लोकायले, पांढुर्ण्याची एजन्सी कशी काम करते ते."

खरंच टाकला होता. दुपारपर्यंत दोन्ही गावांतल्या कापडवाल्यांनी, किराणावाल्यांनी, औषधवाल्यांनी वंदना घागरेची चूक वाचली. कुणी हसण्याची चित्रं टाकली, कुणी विचारलं, 'मॅडमचं लग्न कोणत्या पंचांगानं लागलं?' कुलदीपनं केबिनमधून आपल्या मोबाइलवरचा तोच ग्रुप तिला काचेतून दाखवला. वंदनाचे कान तापले.

डिझाइन मात्र पक्कं होऊन येईना. दुसरा दिवस उजाडला, दुपार जवळ आली. मग ती उठली, कवडूकडून सोनेरी फोमचं एक 'दे' कापून घेतलं, पिशवीत घातलं आणि सौसरची बस पकडली.

जुन्या दुकानात यशवंतराव गादीवर बसले होते, अमित मोजलेल्या कापडाची घडी करत होता, आणि गल्ल्याजवळ पातळ नऊवारीत देवकाबाई. वंदनाला पाहताच यशवंतरावांनी मान फिरवली. "कोनं बोलावलं तुमाले?"

"कोनीच नाही. दुपार होऊन राहिली. डिझाइन पक्कं करा, नाहीतर हेबी लागनार नाही." तिनं अक्षर काढून त्यांच्यासमोर गादीवर ठेवलं. हातभर उंच, बोटभर जाड, सोनेरी. अमितनं ते उचलून भिंतीला धरून पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, दुरून समजत नाही फोम आहे म्हनून."

"मले समजते ना!" यशवंतराव गरजले. "आन तुमी, बाई, चूक केली ते केली, वरून जगाले सांगता?"

"जगाले तुमी सांगितलं. मी फक्त तुमाले सांगितलं होतं."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी होती. वंदनानं आवाज खाली आणला नाही. "आनि मीबी एक सांगतो. तुमी सरळ दहा नोव्हेंबर म्हटलं असतं तर हे झालंच नसतं. पन ते मी मेसेजमधे नाही लिहिलं. इचारनं माहं काम होतं."

तेव्हा गल्ल्याजवळून आवाज आला. "कोनता मेसेज?"

देवकाबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. यशवंतराव म्हणाले, "काही नाही, माय." पण अमितला बापाचा इशारा कळला नाही, त्यानं मोबाइल काढून मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवला. मराठी पंचांग, हिंदी पंचांग, सगळं.

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग मुलाकडे पाहिलं. "तुह्या मुहूर्ताच्या दिवशी मार्गशीर्ष नाहीच?"

"आहे ना, माय. पंडितजीनं काढला."

"आपल्या घरात कार्तिक चालू आहे अजून. तुह्या बापानं दुकान मांडलं तेबी मार्गशीर्ष वद्य पंचमीलेच, आपल्या पंचांगानं. मी सांगितलं होतं तुले, पंचमीले कर. तू कोनती पंचमी धरली?"

वंदनाला आता समजलं की हा मुहूर्त पंडितजींकडून नाही, देवकाबाईंकडून आला होता, आणि छिंदवाड्याला जाऊन तो एक महिना अलीकडे सरकला होता. चूक तिची एकटीची नव्हती. पण या क्षणी हे बोलून दाखवणं म्हणजे म्हातारीसमोर मुलाची अब्रू काढणं होतं, आणि ते तिनं केलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "अमित, डिझाइन पक्कं करू का?"

अमितनं बापाकडे पाहिलं. यशवंतराव उठून आतल्या खोलीत गेले. "करा," अमित म्हणाला.

ठरल्याप्रमाणे सगळं झालं. सांगाडा, शीट, फोमची अक्षरं, फोकस, रोज संध्याकाळी फोटो. दहा तारखेला सौसरातली झाडून सगळी माणसं आली, नागपूरचे व्याही आले, पंडितजी आले. वंदनाला बोलावणं नव्हतं, पण कवडू फोकससाठी उभा होता, आणि त्यानंच तिला सांगितलं. यशवंतरावांनी फीत हातात धरली आणि रस्त्याकडे पाहत राहिले. दोनदा जुन्या दुकानात माणूस पाठवला. देवकाबाई गल्ल्याजवळून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी माह्या पंचमीले येईन." पंडितजी घाई करायला लागले, वेळ निघून चालली. शेवटी यशवंतरावांनी एकट्यानंच फीत कापली. फोटोत सगळे आहेत, आई नाही.

रात्री त्यांनी वंदनाला एकच ओळ पाठवली. "तुमच्या मेसेजनं माह्या मायच्या डोक्यात हे भरवलं." वंदनानं ती दोनतीनदा वाचली. उत्तर दिलं नाही, कारण ती ओळ खोटी नव्हती. खोटं लिहिलं असतं, नागपूरची मशीन बंद पडली असं, तर म्हातारीला पंचांगाचा प्रश्न पडलाच नसता, आणि ती मुलाच्या हाताला धरून गेली असती. हे वंदनाला झोपू देईना. खरं सांगितल्याचा तिला पश्चात्ताप नव्हता, पण त्या एकट्यानं कापलेल्या फितीचं तिला वाईट वाटलं, आणि त्या माणसाबद्दल वाईट वाटतंय याचा पुन्हा रागही आला.

कुलदीपनं तिच्याशी कामापुरतंच बोलायचं धरलं. वीस तारखेला एलईडीची अक्षरं चढली. सौसरहून ना शाबासकी आली, ना तक्रार.

नऊ डिसेंबरला ती तपासायला गेली. मेसेजमधे लिहिलं होतं म्हणून गेली, कुणी बोलावलं म्हणून नाही. बसमधून उतरली तेव्हा शोरूमसमोर सारवून रांगोळी घातलेली होती. अक्षरं पेटलेली होती. आणि जुन्या बाजाराकडून अमितच्या आणि यशवंतरावांच्या मधे, काठी टेकत, हिरव्या नऊवारीत देवकाबाई येत होत्या. ना पंडितजी, ना व्याही, ना फीत.

पायरीपाशी त्या थांबल्या. मान वर करून पाहिलं. वाचता त्यांना येत नाही, त्यांनी अमितला विचारलं, "माहं नाव कोठून सुरू होते?" अमितनं बोट दाखवलं. त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सावकाश नजर फिरवली, आणि मग भर उन्हात म्हणाल्या, "दिवसा दिवे कायले लावले? बिल कोन भरन?" असं म्हणून त्या आत गेल्या, उजवं पाऊल आधी टाकून.

यशवंतराव मागं राहिले. डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पुसता पुसता त्यांना रस्त्यापलीकडं उभी असलेली वंदना दिसली. ते सरळ तिच्याकडे चालत आले. चेहरा तसाच कडक.

"तुमाले मी माफ केलं नाही," ते म्हणाले. "मुहूर्ताच्या फोटोत माही माय नाही. ते मी कधी इसरनार नाही."

"नका इसरू," वंदना म्हणाली. "माफी मी मागितलीच नव्हती, भाऊ. नाव लावून देतो म्हटलं होतं."

आतून देवकाबाईंनी यशवंत म्हणून हाक मारली आणि ते वळले. वंदनानं एकेक अक्षर पाहिलं. सगळे दिवे सारखे पेटत होते, कुठं अंधार नव्हता. तिनं फोटो काढला, ठरल्याप्रमाणे यशवंतरावांना पाठवला, आणि परतीची बस कधी आहे ते विचारायला निघाली.